पंप चालू, पॅड कोरडे : डिस्ट्रिब्यूटरमधला अडथळा आणि टाकीतले क्षार

प्रश्न : दादा, आमचा पत्र्याचा तीन बाजूंचा डेझर्ट कूलर आहे, गवताचे पॅड, साधारण ६० लिटरची टाकी. राहायला कोल्हापुरात कळंब्याकडे, पाणी बोअरचं. गेल्या उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटर तरी पाणी घालावं लागायचं. यंदा पंपाचा आवाज येतो पण तिन्ही पॅड कोरडे, वारा गरमच. टाकीच्या तळाला पांढरे खवले आहेत. मिस्त्रीनं नवीन १८ वॉटचा पंप बसवला, दोन दिवस थोडं पाणी आलं आणि पुन्हा तेच. आता काय बदलायचं?

उत्तर :

ताई, आता काहीच बदलू नका. नवीन पंपावर दोन दिवस पाणी आलं आणि मग थांबलं, यातच निदान आहे. पंपच गेलेला असता तर नवीन पंपावर सगळं सुरळीत चाललं असतं. नव्या पंपानं जोर लावून तळातले खवले उचलले, नळीतून वर नेले आणि वरच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये नेऊन बसवले. म्हणजे जुना पंप चांगला असण्याचीही शक्यता आहे. तो फेकला नसेल तर ठेवून द्या, पुढं त्याचीही तपासणी सांगतो.

हात घालायच्या आधी एक गोष्ट. पत्र्याचा कूलर, भरलेली टाकी आणि ओली फरशी एकत्र असताना वीज चालू ठेवून आत हात घालायचा नाही. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण काही घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं आणि बटण बंद असलं तरी पंपापर्यंत करंट येतो. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. पंप त्याच्या वायरला धरून कधी ओढू नका. वायर जिथं पंपात शिरते तिथलं सील सुटतं आणि मग टाकीतल्या पाण्यात करंट उतरतो. तुमच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आहे का आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. यात चालढकल करू नका, कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात.

आता पाण्याचा रस्ता डोळ्यासमोर आणा. टाकीतला पंप नळीतून पाणी वर चढवतो. छताखाली मध्यभागी प्लॅस्टिकचा गोल डिस्ट्रिब्यूटर असतो, त्याला तीन तोट्या. प्रत्येक तोटीतून एक नळी एका बाजूच्या जाळीवर जाते. जाळीच्या माथ्यावर पत्र्याची पन्हळ असते, पन्हळीला ओळीनं बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांतून पाणी पॅडवर ठिबकतं. पंपाचा जोर डिस्ट्रिब्यूटरपर्यंत पोचेस्तोवर जवळजवळ संपलेला असतो. हे छोटे पंप पाणी दीड-पावणेदोन मीटरपर्यंतच चढवू शकतात आणि तुमचा कूलर मीटरभर तरी उंच असणार. डिस्ट्रिब्यूटरच्या पुढचा सगळा कारभार पाण्याच्या स्वतःच्या वजनावर, उतारावर चालतो. मागून दाब नसल्यामुळं तोटीत हरभऱ्याएवढा खडा बसला तरी पाणी त्याला ढकलून पुढं नेत नाही. घरच्या नळात असा खडा आला तर दाबानं निघून जातो, कूलरमध्ये तो जिथं बसला तिथंच राहतो, आणि गवताची काडी अडकली की त्याभोवती आणखी क्षार धरतो.

तिन्ही पॅड एकाच वेळी कोरडे आहेत, हाही मोठा धागा आहे. एकच बाजू कोरडी असती तर मी त्या बाजूची तोटी, पन्हळ किंवा कूलर कलता ठेवलाय का ते पाहायला सांगितलं असतं. कूलर बोटभर जरी एका अंगाला झुकला तरी डिस्ट्रिब्यूटरमधलं पाणी सखल बाजूच्या तोटीला जातं आणि समोरची बाजू उपाशी राहते. पण तिन्ही बाजू गेल्या म्हणजे अडथळा तिघींच्या वाटा फुटायच्या आधी आहे : डिस्ट्रिब्यूटरच्या तोंडात, उभ्या नळीत किंवा पंपातच. या तिघांतला नेमका कोण, हे अंदाजानं ठरवायचं नाही. त्याला पाच मिनिटांची चाचणी आहे.

प्लग काढा, एका बाजूची जाळी उचलून बाजूला ठेवा. उभी नळी डिस्ट्रिब्यूटरमधून उपसून घ्या. टाकीत पंप बुडेल इतकं पाणी असू द्या. नळीचं तोंड जिथं डिस्ट्रिब्यूटर होता त्याच उंचीवर कूलरच्या चौकटीला सुतळीनं बांधा आणि तोंड बाहेरच्या बाजूला वळवून खाली बादली ठेवा. हात बाहेर घ्या, मग प्लग लावा. आता एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. बाटली धरताना पत्र्याला हात टेकवू नका आणि पायात कोरडी चप्पल असू द्या.

उंचीचं बंधन मी मुद्दाम घालतोय. बरेच मिस्त्री नळी खाली बादलीत सोडतात, धार जोरात दिसते आणि "पंप ठणठणीत आहे" म्हणून मोकळे होतात. पण पंपाच्या पंखीवर क्षार चढले किंवा पंखी झिजली की तो खाली भरपूर पाणी टाकतो आणि मीटरभर वर मात्र थेंब चढवत नाही. आपल्याला पाणी वर हवंय, तेव्हा मोजायचंही वरच.

१८ वॉटचा चांगला पंप त्या उंचीवर एक लिटर साधारण दहा सेकंदांत भरतो. म्हणजे मिनिटाला सहा लिटर, प्रत्येक पॅडच्या वाट्याला दोन लिटर. एवढ्यावर गवताचे पॅड व्यवस्थित भिजतात. बाटली दहा-बारा सेकंदांत भरली तर पंप आणि नळी दोन्ही निर्दोष, दोष डिस्ट्रिब्यूटरमध्ये. वीस-पंचवीस सेकंद लागले किंवा नुसती करंगळीएवढी धार आली तर अडथळा खाली आहे. तेव्हा नळी पंपापासूनही काढा, तोंडानं फुंकू नका, घरच्या नळाला लावून पाणी सोडून बघा. नळी मोकळी निघाली तर राहिला पंप.

तुमच्या वर्णनावरून माझी खात्री आहे की बाटली पटकन भरेल आणि डिस्ट्रिब्यूटर उघडल्यावर आत पांढरे खवले आणि गवताचा चोथा सापडेल. पण मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण दोन दिवस खवले ओढलेल्या नव्या पंपाच्या चाळणीवरही थर बसलेला असू शकतो.

पंप "चालू" असण्याबद्दल थोडं सांगतो. घरघर आवाज म्हणजे पंखी फिरतेय असं नाही. पंखीच्या दांड्यावर क्षार धरले की ती अडकते, वीज खाते, घुमते, गरम होते, पण फिरत नाही. समोरचं झाकण नखानं किंवा पेचकसानं निघतं. आत पंखी बोटानं फिरवून बघा, सैल फिरली पाहिजे. कधी पंपात हवा कोंडलेली असते. टाकी रिकामी करून परत भरल्यावर असं होतं. प्लग काढून पंप पाण्यातच आडवा करा, बुडबुडे निघून जातात. तुमचा जुना पंपही याच पद्धतीनं तपासा.

आता सफाई. डिस्ट्रिब्यूटर, त्याच्या तीन नळ्या, उभी नळी आणि पंपाचं झाकण-पंखी एवढं सगळं सुटं करा. पांढऱ्या थरावर आधी व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो चुन्याचा क्षार आहे, आम्लात विरघळतो. फसफसलं नाही आणि हाताला बुळबुळीत लागलं तर शेवाळ आणि गवताचा चोथा आहे, त्याला ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. बहुतेक वेळा दोन्ही एकावर एक असतात, म्हणून आधी ब्रशनं चोथा काढायचा आणि मग आम्ल. चोथ्याखाली झाकलेल्या क्षारापर्यंत आम्ल पोचत नाही.

किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड घ्या, पाव किलो. प्लॅस्टिकच्या बादलीत ५ लिटर कोमट पाणी, त्यात ते विरघळवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको. सुटे भाग त्यात बुडवा, तास-दीड तास ठेवा. सुरुवातीला चांगलं फसफसेल. फसफस थांबली तरी थर शिल्लक असेल तर सामान टाकाऊ ठरवू नका, तिथं आम्ल संपलेलं असतं. पाव किलो लिंबूसत्व जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम क्षार विरघळवू शकतं. ते पाणी ओतून द्या आणि नवं करा. त्याच पाण्यात रात्रभर ठेवून फायदा नाही, उलट तळाला पांढरी पूड बसते आणि तीच परत भोकांत जाते. व्हिनेगरनंही हेच काम होतं, पण लिटरभर व्हिनेगर ४० ग्रॅमच्या आसपासच क्षार काढतं, त्यामुळं मोठ्या थराला ते महाग पडतं.

भिजल्यावर डिस्ट्रिब्यूटर उजेडासमोर धरून तिन्ही तोट्यांतून आरपार दिसतंय का बघा. एखाद्या तोटीत खडा राहिला असेल तर सायकलच्या स्पोकनं आतून बाहेर ढकला. बाहेरून आत ढकललात तर तो मधल्या खोलगट भागात पडतो आणि आठवड्यात दुसरी तोटी बंद करतो.

पन्हळीची भोकंही याच वेळी बघून घ्या. दर वेळी पंप बंद झाला की भोकाच्या काठावर पाण्याचा पातळ पडदा उरतो, तो वाळतो आणि क्षाराची एक कडी सोडून जातो. असं रोज होत होत भोक काठाकडून आत मिटत जातं. जाड सुई किंवा बारीक तार घालून कडी फोडायची, एवढंच. काही जण चिडून खिळा ठोकून भोकं मोठी करतात. त्यानं नळीच्या जवळची मोठी भोकं सगळं पाणी खाली सोडतात आणि पन्हळीच्या लांबच्या टोकाला पोचतच नाही. मग अर्धा पॅड ओला, अर्धा कोरडा, आणि कोरड्या अर्ध्यातून गरम हवा सरळ खोलीत.

टाकीला मात्र ॲसिड लावायचं नाही. तुमची टाकी पत्र्याची आहे, आत जस्ताचा मुलामा आणि त्यावर रंग असणार. लिंबूसत्वाचं पाणी टाकीत भरून ठेवलं तर ते क्षाराबरोबर जस्तही खातं. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुवायचं जे तीव्र ॲसिड मिळतं ते तर लांबच ठेवा. त्यानं टाकी तासाभरात चकचकीत दिसते आणि पुढच्या मोसमात तळाला गळती लागते. आणि ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचं जंतुनाशक कोणत्याही ॲसिडमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

पत्र्याच्या टाकीसाठी पद्धत सोपी आहे, फक्त हात चालवावा लागतो. टाकी पूर्ण रिकामी करून एक दिवस उन्हात कोरडी होऊ द्या. वाळल्यावर थराला तडे जातात आणि लाकडी उलथन्यानं किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं तो पापुद्र्यासारखा सुटतो. लोखंडी पत्रा-पुट्टी नको, रंग खरवडला जातो. कोपऱ्यात चिवट थर राहिला तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं त्यावरच दाबून ठेवा, पुसा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. रंग कुठं उडाला असेल तर पूर्ण कोरडं करून डांबरी रंगाचा हात मारा आणि तो वाळल्यावरच पाणी भरा.

आता जोडणी. इथं घाई केली की सगळी मेहनत वाया जाते. टाकी कितीही खरवडली तरी सुटे कण राहतातच. म्हणून पहिल्यांदा नळी डिस्ट्रिब्यूटरला जोडूच नका. चाचणीसारखी बाहेर बादलीत सोडा, टाकीत दोन बादल्या पाणी घाला आणि पंपानं ते सगळं बाहेर काढा, पण पंप उघडा पडायच्या आधी बंद करा. बादलीच्या तळाला पांढरे कण दिसले तर पुन्हा. स्वच्छ पाणी आल्यावरच डिस्ट्रिब्यूटर जोडा. मग जाळ्या न लावता एकदा पंप चालवून तिन्ही नळ्यांतून सारखी धार पडते का पाहा. एका नळीला कमी असेल तर कूलरच्या त्या अंगाच्या विरुद्ध बाजूच्या पायाखाली पातळ पाचर घाला. पन्हळीत पाण्याची पातळी दोन्ही टोकांना सारखी दिसली की झालं.

पंप टाकीच्या तळाला टेकवू नका. फरशीचा तुकडा ठेवून त्यावर उभा करा, म्हणजे खाली बसलेले खवले चाळणीपर्यंत जात नाहीत. त्याला जुन्या मच्छरदाणीच्या जाळीची सैल पिशवी घाला, दुहेरी. सैल म्हणजे खरंच सैल, पंपाच्या दुप्पट आकाराची. घट्ट स्पंज गुंडाळला तर दोन दिवसांत तो चोथ्यानं भरतो आणि पंप पाण्यासाठी तडफडतो. पिशवी आठवड्याला झटकून धुवायची.

हे सगळं झालं तरी पाणी बोअरचंच राहणार, तेव्हा क्षार परत येणार. किती, ते तुमच्याच आकड्यांवर काढून दाखवतो. आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे, त्यातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात त्या मानानं कमी. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे ४०० काही जगावेगळं नाही.) दिवसाला ४० लिटर पाणी पॅडवरून उडून गेलं तर नुसती वाफ गेली, क्षार मागं राहिला : रोज १६ ग्रॅम. साठ दिवसांत जवळजवळ एक किलो. तो सगळाच थर होऊन बसत नाही, काही पाण्यात विरघळलेला राहतो, पण कूलर सोडून तो जात नाही, एवढं नक्की.

त्यामुळं नुसतं वरून पाणी भरत राहणं हाच खरा रोग आहे. भरलेल्या ६० लिटरच्या टाकीत पहिल्या दिवशी २४ ग्रॅम क्षार असतो. रोज ४० लिटरची भर घालत तीन दिवस चालवलं की त्याच टाकीत ७२ ग्रॅम होतो, म्हणजे पाणी तिप्पट कठीण. इतक्या दाट पाण्यातला चुना मग जिथं जागा मिळेल तिथं धरतो, आणि पहिली जागा पन्हळीची भोकं. दर तीन दिवसांनी टाकीच्या तळाचं बूच काढून पूर्ण पाणी सोडून द्या, झाडांना नको, गटारात. मग नवं पाणी भरा. महापालिकेचं किंवा टँकरचं गोडं पाणी मिळत असेल तर तेवढ्यापुरतं ते वापरा, आठवडाभर चालेल.

एक सवय आमच्या भागात फार आहे, ती मोडा : आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कूलरला घालणं. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, पण आरओनं पिण्याच्या पाण्यातून काढलेला क्षार त्याच नळीतून बाहेर येतो, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही कठीण. ते फरशी पुसायला किंवा संडासात वापरा. तुरटी फिरवूनही काही साधत नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला चुना तसाच राहतो.

पॅडचं म्हणाल तर गवताचे पॅड धुवून वाचवायच्या फंदात पडू नका. पॅड हाताला कडक लागत असेल, पांढरी पूड झडत असेल, तर त्यावर कितीही पाणी सोडलं तरी ते काडीत शिरत नाही, पुढून ओघळून टाकीत येतं आणि पॅड मध्ये कोरडाच राहतो. नवीन पॅड स्वस्त आहेत, तिन्ही एकदम बदला. भरताना माथ्याला फट राहू देऊ नका. गवत भिजलं की खाली बसतं, वर चार बोटं रिकामी जागा पडते आणि गरम हवा तिथूनच आत येते. पहिल्या दिवशी भिजवून, दाबून, वर आणखी थोडं गवत सारा.

सगळं नीट झालं की नाही हे थंडाव्यावरून ठरवू नका. वळीव पडून गेल्यावर हवेत दमटपणा असतो, तेव्हा निर्दोष कूलरसुद्धा फारसा गार वारा देत नाही. तुम्ही टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. कोरड्या दुपारी तिन्ही पॅड वरपासून खालपर्यंत एकसारखे गडद दिसले आणि गेल्या वर्षीसारखं ४० लिटरच्या आसपास पाणी दिवसाला लागू लागलं, तर पाणी पॅडवरून खरोखर उडतंय. पॅड ओले दिसूनही पाणी दहा-वीस लिटरच उतरत असेल तर उंचीवरची बाटलीची चाचणी परत करा, आणि बाटली दहा सेकंदांत भरत असेल तर पॅडच्या मागं कूलर भिंतीला चिकटून ठेवलाय का ते बघा. तिन्ही बाजूंना बाहेरची कोरडी हवा मिळायला हातभर तरी मोकळी जागा हवी, शक्य असेल तर मागची बाजू खिडकीबाहेर.